दुकान नाही, माल घरात: ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणी घराच्या पत्त्यावर कशी घ्यायची

२०२५ च्या उन्हाळ्यात मिरजेच्या एक ताई माझ्याकडे आल्या. घरची शेती, शेतातली राजापुरी हळद. हळकुंडं शिजवून, वाळवून, पॉलिश करून गिरणीतून दळून आणायची आणि २०० ग्रॅम, ५०० ग्रॅमची पाकिटं करायची, एवढं सगळं त्यांनी जमवलं होतं. अन्न परवान्याची नोंदणी काढली होती, लेबलं छापून तयार होती. एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर विक्रेता म्हणून खातं उघडायला बसल्या, तर पहिल्याच पानावर जीएसटी क्रमांक मागितला. ताईंचा प्रश्न असा होता: "दादा, माझं दुकानच नाही. आतल्या खोलीत पोती आहेत आणि एक वजनकाटा आहे. मला नंबर कोण देणार?"

सांगली-सातारा भागात मी हिशेबाची आणि जीएसटीची कामं करतो. हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी ऐकायला मिळतो. म्हणून ताईंचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा गेला, कुठे अडला आणि कसा सुटला, ते इथे नीट लिहून ठेवतो.

आधी मूळ शंका मिटवू. जीएसटी कायद्यात 'दुकान' अशी अट नाही. कायदा 'व्यवसायाचे ठिकाण' म्हणतो, आणि कलम २(८५) मधल्या त्याच्या व्याख्येत जिथून धंदा चालतो ती जागा येते, माल साठवायची जागा येते आणि हिशेबाची पुस्तकं ठेवायची जागाही येते. ताईंच्या घरात या तिन्ही गोष्टी होत्या. आतल्या खोलीत माल, स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर पॅकिंग आणि कपाटात वह्या. तेव्हा घर हेच त्यांचं व्यवसायाचं मुख्य ठिकाण. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि ते सिद्ध करायला गाळा भाड्याने घ्यायचीही गरज नाही. सिद्ध एवढंच करायचं असतं की हे घर कुणाचं आहे आणि त्या माणसाने तुम्हाला इथून धंदा करायची मुभा दिली आहे. जवळजवळ सगळे अर्ज याच एका जागी अडतात.

नोंदणी लागतेच का?

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ऑनलाइन बाजारातून वस्तू विकणाऱ्याला ही सवलत एरवी मिळत नाही. कलम २४ प्रमाणे पहिल्या रुपयाच्या विक्रीपासून नोंदणी लागते.

याला १ ऑक्टोबर २०२३ पासून एक वाट ठेवली आहे. तुमची उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तुम्ही एकाच राज्यातून विकत असाल आणि माल राज्याबाहेर एकदाही जाणार नसेल, तर पूर्ण नोंदणीऐवजी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन फक्त नावनोंदणी क्रमांक घेता येतो. विवरणपत्रं भरावी लागत नाहीत आणि बाजार तुमच्या विक्रीच्या पैशातून शासनासाठी कापून ठेवायचा कर, म्हणजे टीसीएसही, कापत नाही. कागदावर ही सोय फार चांगली आहे.

आमच्या भागात मात्र ती बऱ्याच जणांना पुरत नाही. मिरजेहून कर्नाटकाची हद्द किती लांब आहे ते बघा. अथणी, कागवाड, चिकोडी, निपाणी इथली माणसं खरेदीला, दवाखान्याला मिरजेत येतात, आणि ऑनलाइन मागवणारी माणसंही तीच आहेत. अथणीला गेलेलं हळदीचं एक पाकीटसुद्धा आंतरराज्य विक्री ठरतं. साताऱ्याच्या विक्रेत्याला हद्दीची एवढी अडचण नाही, पण पुण्या-मुंबईइतकेच ग्राहक बंगळूर-हैदराबादलाही असतात. ताईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "माझी नणंद बेळगावला. पहिली ऑर्डर तिचीच येणार." तिथे नावनोंदणीचा विषय संपला आणि आम्ही पूर्ण नोंदणी घ्यायचं ठरवलं. छोट्या व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरू देणारी कंपोझिशन योजनाही याच कारणाने बाद झाली, कारण तिच्यातही राज्याबाहेर माल विकता येत नाही.

इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर थेट ऑर्डर घेऊन स्वतः पार्सल पाठवणाऱ्याला कलम २४ ची ऑनलाइन बाजाराची अट लागू होत नाही. मध्ये पैसे गोळा करणारा बाजारच नसतो. त्याच्यासाठी ४० लाखांची मर्यादा चालते, मात्र तोही राज्याबाहेर माल पाठवायला लागला की नोंदणी आलीच.

अर्जाला हात लावण्याआधी तीन कागद

मी अर्ज उघडण्याआधी कागद टेबलावर मांडून घेतो आणि त्यांवरची नावं मोठ्याने वाचतो. हसू येईल, पण चुका याच पद्धतीने सापडतात.

पहिला कागद पॅन आणि आधारची जोडी. ताईंच्या पॅनवर माहेरचं आडनाव होतं आणि आधारवर सासरचं. आमच्याकडे लग्न झालेल्या निम्म्याहून अधिक बायकांचं हेच असतं. पोर्टल पॅनवरचं नाव तपासतं आणि पुढे आधारवरून ओळख पटवतं. दोन्ही नावं जुळली नाहीत तर अर्ज मधेच लटकतो. म्हणून आधी पॅनमधलं नाव दुरुस्त करून घेतलं. त्यात दोन-तीन आठवडे गेले. ते टाळता येत नाहीत, म्हणून विक्री सुरू करायची तारीख ठरवताना धरूनच चालायचं.

दुसरा कागद जागेच्या मालकीचा. लाइट बिल, घरपट्टीची पावती किंवा पालिकेच्या नोंदीचा उतारा यांतला कुठलाही एक चालतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत अधिकाऱ्यांना हे स्पष्ट सांगितलं आहे की यांतला एक कागद मिळाला की जास्तीचे मागू नयेत. गावात राहणाऱ्यांना ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती आणि नमुना ८ चा उतारा मिळतो, लाइट बिल तर असतंच. कागद ताजा हवा. दोन वर्षांपूर्वीची पावती जोडली की शंका येतेच.

तिसरा कागद संमतीपत्र. घर स्वतःच्या नावावर असेल तर ते लागत नाही. नवरा, सासरे, वडील, भाऊ यांच्या नावावर असेल तर लागतं. वर सांगितलेल्या सूचनेप्रमाणे नातेवाइकाचं संमतीपत्र साध्या कागदावर चालतं. सोबत संमती देणाऱ्याचं ओळखपत्र आणि त्याच्या नावाचा मालकीचा एक कागद लागतो. बाहेर स्टॅम्प पेपर आणि नोटरीसाठी हजारभर रुपये घेणारी माणसं भेटतात. नातेवाइकाच्या घरासाठी तो खर्च करू नका.

ताईंच्या सासऱ्यांनी लिहून दिलेलं पत्र मी असं बेतलं होतं:

"मी खाली सही करणार, घर क्र. ___, ___ गल्ली, मिरज, पिन ४१६४१० या मिळकतीचा मालक असून माझी सून सौ. ___ (पॅन ___) हिला या मिळकतीचा वापर '___' या नावाने हळद व मसाले विक्रीचा व्यवसाय, मालाचा साठा व हिशेबाची कागदपत्रं ठेवण्यासाठी विनामोबदला करण्यास माझी संमती आहे. या पत्त्यावर तिने जीएसटी नोंदणी घेण्यास माझी हरकत नाही."

खाली सही, तारीख आणि मोबाइल नंबर. यातला महत्त्वाचा भाग पत्ता. घरपट्टीच्या पावतीवर जसा आहे अक्षरशः तसाच इथे लिहायचा आणि तसाच अर्जात टाकायचा. पावतीवर जुना घर नंबर आणि बोलण्यात नवा, असं असेल तर पावतीवरचाच धरा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी भाडेकरार आणि घरमालकाच्या नावाचं लाइट बिल किंवा घरपट्टी लागते. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवलेला असेल तर तेवढ्यावर काम होतं. करार नोंदणीकृत नसेल तर घरमालकाचं ओळखपत्रही जोडायचं. इथे खरी अडचण माणसांची असते. साताऱ्यात फ्लॅट भाड्याने घेतलेली कितीतरी मुलं-मुली मला सांगतात की घरमालक 'जीएसटी' शब्द ऐकूनच घाबरतो. उद्या आपल्याच नावावर करखात्याची नोटीस येईल, असं त्याला वाटतं. त्याला शांतपणे सांगा की नोंदणी भाडेकरूच्या पॅनवर होते आणि कराची जबाबदारीही भाडेकरूचीच राहते. तरी नाही म्हणाला तर गावच्या घराचा विचार करा. पण माल खरंच तिथे ठेवला जाणार असेल आणि कुरियर तिथूनच पार्सल उचलणार असेल, तरच.

पैसे घेऊन पत्ता देणाऱ्या 'व्हर्च्युअल ऑफिस'च्या जाहिराती सगळीकडे दिसतात. घरात माल आणि कागदावर पुण्यातलं एक टेबल, ही मांडणी मी कुणालाच सुचवत नाही. नोंदवलेल्या पत्त्यावरून धंदा चालत नाही असं आढळलं तर नियम २१ प्रमाणे नोंदणी रद्द होऊ शकते, आणि तोवर तुमचं विक्रेता खातं, त्यावरचे ग्राहकांचे अभिप्राय, सगळं त्याच क्रमांकाला बांधलेलं असतं.

अर्ज भरताना

www.gst.gov.in वर Services, मग Registration, मग New Registration. शासनाची फी काही नाही. पहिल्या भागात Taxpayer निवडायचं, राज्य Maharashtra, जिल्हा Sangli किंवा Satara, पॅनवरचं नाव, पॅन क्रमांक, ई-मेल आणि मोबाइल. दोन्हींवर वेगवेगळे ओटीपी येतात. मोबाइल आणि ई-मेल स्वतःचेच द्या. सल्लागाराचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा ई-मेल टाकला की पुढे नोटीस त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. हे झाल्यावर तात्पुरता क्रमांक म्हणजे TRN मिळतो. तो १५ दिवस चालतो, त्या मुदतीत दुसरा भाग भरून पाठवायचा.

दुसऱ्या भागात दहा टॅब असतात. बहुतेकांत नाव-पत्त्याची भरती आहे, ती सावकाश केली की होते. तीन जागी मात्र थांबून विचार करायचा.

Business Details मध्ये नोंदणीचं कारण निवडायची यादी येते. त्यात Selling through e-Commerce portal हा तुमचा पर्याय. त्याच यादीत E-Commerce Operator असाही एक आहे आणि घाईत तोच निवडणारे मी पाहिले आहेत. तो पर्याय बाजार चालवणाऱ्या कंपनीसाठी आहे, त्यावर विकणाऱ्यासाठी नाही. प्रकार म्हणून Proprietorship आणि कंपोझिशनला No. याच भागात नोव्हेंबर २०२५ पासून नियम १४ए चा पर्यायही आला आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवरचा तुमचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर तो निवडता येतो आणि आधारची पडताळणी यशस्वी झाली की तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी मिळते. घरगुती ग्राहकांना पाकिटं विकणारा माणूस या मर्यादेच्या कितीतरी आत असतो. ताईंच्या वेळी ही सोय नव्हती. आज अर्ज करणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा, फक्त पत्त्याचे कागद तेवढेच चोख लागतात.

दुसरी जागा Principal Place of Business. पत्ता, नकाशावरची खूण आणि जागेचा ताबा. सासऱ्यांचं घर असेल तर Own निवडायचं नाही, Consent निवडायचं. 'आमचंच तर घर आहे' म्हणून Own निवडलं आणि कागद मात्र सासऱ्यांच्या नावाचे जोडले की शेरा ठरलेला. त्याखाली धंद्याच्या स्वरूपाचे चौकोन असतात. ताईंसाठी मी Retail Business आणि Warehouse / Depot एवढ्याच दोन खुणा केल्या. दळण बाहेरच्या गिरणीत होत होतं, म्हणून Factory / Manufacturing ला हात लावला नाही. घरातच यंत्र बसवलं असतं तर ती खूण करावी लागली असती. जे खरं आहे तेवढंच.

तिसरी जागा Goods and Services. हळद पावडरीसाठी 09103030 हा कोड टाकला. त्यावर जीएसटी ५ टक्के. ओली हळद करमुक्त आहे, पण ताई पावडर विकणार होत्या. पुढेमागे विकायचे असलेले दोन-तीन पदार्थ आधीच टाकून ठेवायला हरकत नाही.

शेवटी आधार पडताळणीला होकार द्यायचा आणि ओटीपीने अर्ज सादर करायचा. मग पोर्टल ई-मेलवर एक लिंक पाठवतं. काहींना घरबसल्या आधारच्या ओटीपीची लिंक येते. काहींना जीएसटी सुविधा केंद्रात जाऊन बोटाचे ठसे द्यायची वेळ घ्यायला सांगतात. यातलं काय येणार ते पोर्टल ठरवतं. केंद्रात जायची वेळ आली तर वेळ ठरल्याचा मेल, मूळ आधार, मूळ पॅन आणि अर्जाला जोडलेल्या कागदांच्या मूळ प्रती घेऊन जा. ठसे दिल्याशिवाय अर्जाचा क्रमांक, म्हणजे ARN, तयार होत नाही. 'अर्ज केलाय, उत्तर येईना' म्हणणाऱ्या कितीजणांचं गाडं इथेच थांबलेलं असतं.

शेरा आला तेव्हा

ताईंच्या अर्जात चूक माझ्याही नजरेतून सुटली. मालकीचा कागद म्हणून आम्ही महावितरणचं बिल जोडलं होतं. पत्ता बरोबर, बिल ताजं. पण ग्राहकाच्या नावाच्या जागी आजेसासऱ्यांचं नाव होतं, आणि ते जाऊन चौदा वर्षं झाली होती. संमतीपत्रावर सही सासऱ्यांची. म्हणजे कागद असं बोलत होते की घर एकाचं आणि संमती दुसऱ्याची. घरातल्या कुणाला यात काही वावगं वाटलं नव्हतं. बिल वर्षानुवर्षं त्याच नावाने येत होतं आणि भरलं जात होतं.

पाचव्या कामकाजाच्या दिवशी REG-03 नमुन्यात विचारणा आली. इंग्रजीत दोन ओळी: संमती देणाऱ्याच्या नावाचा मालकीचा पुरावा जोडलेला नाही, तो सादर करावा. ताईंचा मला फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. नकारच आलाय, असं त्यांना वाटलं होतं. REG-03 म्हणजे नकार नव्हे, प्रश्न. त्याला सात कामकाजाच्या दिवसांत REG-04 ने उत्तर द्यायचं असतं. उत्तर दिलंच नाही किंवा समाधान झालं नाही, तर REG-05 ने अर्ज फेटाळला जातो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

महापालिकेची घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर कधीच लागली होती. चालू वर्षाची पावती काढली. TRN ने लॉगिन करून Services, Registration, Application for Filing Clarifications इथे गेलो. आम्ही दोन गोष्टी केल्या. जुना कागद काढून घरपट्टीची पावती जोडली आणि उत्तराच्या चौकटीत चार वाक्यं लिहिली: लाइट बिल दिवंगत आजेसासऱ्यांच्या नावे आहे, मिळकतीची महापालिकेतली नोंद आता सासऱ्यांच्या नावे आहे, त्याची चालू वर्षाची पावती जोडली आहे, संमतीपत्र त्यांचंच आहे. सोबत सासऱ्यांचं आधार पुन्हा एकदा. चौथ्या दिवशी मंजुरीचा संदेश आला आणि REG-06, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र उतरवता आलं. क्रमांकाच्या सुरुवातीला महाराष्ट्राचा २७, मग ताईंचा पॅन.

घरपट्टीसुद्धा सासऱ्यांच्या नावावर नसती तर? मग आधी वारसनोंद करून घ्यावी लागली असती, किंवा ज्या जिवंत माणसाच्या नावावर एखादा कागद आहे त्याची संमती घ्यावी लागली असती. गावाकडे हे वरचेवर होतं. घर चार भावांचं आणि उताऱ्यावर अजून आजोबाच. अशा वेळी लाइट बिलावरचं नाव बदलून घेणं हा त्यातल्या त्यात सोपा उपाय असतो.

विचारणा कागदाबद्दल असेल तर वाद घालू नका, कागद द्या. पण 'राहत्या घरातून हा धंदा कसा चालेल', 'या मालाला ही जागा योग्य वाटत नाही' अशा अंदाजावरच्या प्रश्नांना मंडळाच्या त्याच सूचनेने मनाई केली आहे. तसा प्रश्न आलाच तर सूचनेचा क्रमांक 03/2025-GST आणि तारीख उत्तरात लिहून, घरातल्या साठ्याचे दोन फोटो जोडा. सूचना केंद्राची आहे आणि अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडेही जाऊ शकतो, म्हणून भाषा विनंतीची ठेवा.

कधी कधी जागेची प्रत्यक्ष पाहणी होते. अशा वेळी निर्णयाला सातऐवजी ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. येणारा माणूस जागेचे फोटो काढून अहवाल पोर्टलवर चढवतो. त्यासाठी घराचा कारखाना दाखवायची गरज नाही. पोती, पाकिटं, वजनकाटा, लेबलं एका जागी असावीत, घरात कुणीतरी असावं आणि असलेल्याला धंद्याचं नाव माहीत असावं. "इथे कसलं दुकान नाही" असं दारातल्या आजींनी सांगितलं आणि पाहणी करणारा तसाच परत गेला, असं एका अर्जात झालं आहे. घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

ते प्रमाणपत्र छापून त्याच घरात भिंतीवर दिसेल असं लावायचं आणि दाराशी नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा. नियम १८ घरालाही लागू आहे. ताईंनी सासऱ्यांच्या जुन्या लाकडी पाटीखाली हातभर फ्लेक्स लावून घेतला, हळदीच्या रंगाचा.

बँक खात्याचा तपशील ३० दिवसांत, किंवा विक्रीचं पहिलं विवरणपत्र, म्हणजे GSTR-1, भरण्याआधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा पोर्टलवर टाकायचा. हे राहिलं तर नोंदणी स्थगित होऊ शकते. मग ऑनलाइन बाजाराच्या विक्रेता खात्यात क्रमांक टाकायचा. पार्सल उचलायचा पत्ता तोच ठेवायचा. बाजाराच्या गोदामात, म्हणजे भिवंडीसारख्या ठिकाणी, माल ठेवायचा झाला तर ते गोदाम दुरुस्ती अर्जाने जादा ठिकाण म्हणून नोंदवावं लागतं. गोदाम दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याची वेगळी नोंदणी. घरातून सुरुवात करणाऱ्याने पहिलं वर्षभर या फंदात पडू नये, असं माझं मत आहे.

पैशांचा हिशेब एका महिन्यावर समजून घ्या. समजा कर सोडून ₹४०,००० ची हळद विकली गेली आणि परत आलेला माल त्यातून आधीच वजा केला आहे. त्यावर ५ टक्क्यांनी कर ₹२,०००. बाजाराने कमिशन आणि पोचवणुकीचे ₹६,००० लावले, त्यावर १८ टक्के म्हणजे ₹१,०८० जीएसटी. हा तुम्हाला वजावटीला मिळतो, पण बाजाराच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल तरच. उरले ₹९२०. बाजाराने तुमच्या विक्रीवर अर्धा टक्का टीसीएस कापून शासनाकडे भरलेला असतो, इथे ₹२००. तो वळता केला की खिशातून भरायचे ₹७२०. टीसीएसचा दर १० जुलै २०२४ च्या आधी एक टक्का होता, जुन्या लेखांत तोच दिसतो.

हे ₹२०० आपोआप जमा होत नाहीत, आणि बहुतेक नवे विक्रेते इथे पैसे सोडतात. पोर्टलवर TDS and TCS Credit Received नावाचा भाग आहे. तिथे बाजाराने दाखवलेली रक्कम तपासून Accept केली आणि तो फॉर्म भरला, की मगच ती रोख खात्यात येते. दर महिन्याला दहा तारखेनंतर हे बघायची सवय लावा. रक्कम आपल्या विक्रीशी जुळत नसेल तर कुठल्या तरी परत आलेल्या पार्सलची नोंद चुकली आहे, हे तिथेच लक्षात येतं.

विवरणपत्रं दोन, विक्रीच्या तपशिलाचं GSTR-1 आणि कर भरायचं GSTR-3B. छोट्या विक्रेत्याला तिमाही पर्याय घेता येतो, कर मात्र दर महिन्याला भरावा लागतो. एकही पाकीट न विकलेल्या काळातही शून्याचं विवरणपत्र भरायचं असतं. ते चुकलं की दिवसाला ₹२० विलंब शुल्क, आणि विक्री असताना चुकलं तर ₹५०. ऑनलाइन विक्री बंद पडली तर क्रमांक तसाच ठेवू नका, रद्द करायचा अर्ज द्या. महिनोन्महिने शून्य विवरणपत्र न भरता मग दंडाचा आकडा घेऊन आलेली माणसं माझ्यासमोर बसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्यात त्यांची एक रुपयाचीही विक्री झालेली नसते.

ताईंची पहिली ऑर्डर बेळगावचीच आली, अर्धा किलोची दोन पाकिटं. बिलावर आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी लागला.